दोन सावल्यांचं मांजर

बालवाडीच्या बाईंना सव्वीस वर्षांत रंगांच्या बाबतीत कुणी शिकवायला गेलं नव्हतं. कोण जाणार? बर्फाच्या ट्रेचे खण, त्यात तीन रंगांचं पाणी, कान कोरायच्या कापसाच्या काड्या आणि एक जुनं धुतलेलं फडकं, एवढ्या सामानावर त्या आठवडाभर वर्ग गाजवायच्या. पिवळ्यात निळा पडला की हिरवा होतो, हे बघून मुलांचे डोळे बशीएवढे व्हायचे. लाल आणि पिवळ्याचा नारिंगी. आणि शेवटी, मुलांची खरी मजा, लाल अधिक हिरवा. त्याचा व्हायचा मातकट. तेव्हा सगळ्यांना एकदम ‘शीऽऽ’ म्हणायची मुभा होती. बाई स्वतःही म्हणायच्या.

त्यानंतर एकेकाला जवळ बोलावून प्रश्न विचारायचे आणि प्रगतिपत्रकात टिपायचं. यंदाही तसंच चाललं होतं. मग नंबर आला खारूताईचा. डब्यातला घास गालात धरून अर्धा तास बसायची सवय, म्हणून सगळा वर्ग तिला खारूताई म्हणायचा. पाच वर्षांची, हडकुळी, बोलायला मात्र भलतीच चुरचुरीत.

“लाल आणि हिरवा मिळून काय होतं गं?”

“पिवळा,” खारूताई म्हणाली.

“आत्ताच केलं ना आपण? नीट आठव.”

“पाण्यात मातकट होतो. पण पिवळापण होतो.”

“आणि सावली कोणत्या रंगाची असते?”

“कधी लाल. कधी हिरवी. खूप जवळ गेलं तर काळी.”

बाईंनी सुस्कारा सोडला. मागे तेरा मुलं रांगेत उभी होती, त्यातल्या दोघांना शूला जायचं होतं. “नाही बाळा, चूक. सावली काळीच असते,” असं म्हणून त्यांनी पत्रकात लिहिलं : रंगांची ओळख नाही. डोळे तपासून घ्यावेत. अक्षर वळणदार होतं, शंका घ्यायला जागा नव्हती.

पंधरा दिवसांनी खारूताईचे बाबा भेटायला आले. छोट्या खुर्चीवर बसताना गुडघे हनुवटीला लागत होते, तरी तक्रार नव्हती. नाटकांच्या प्रयोगांना दिवे लावणारा माणूस. हाताला भाजल्याचे जुने डाग होते.

“डॉक्टरांनी डोळे तपासले, बाई. उत्तम आहेत,” ते म्हणाले.

“अरे वा. मग काळजी नाही. सरावाने येईल तिला.”

“ते नाही.” त्यांनी हातातली किल्ली इकडची तिकडे केली. “तुम्ही चूक म्हणालात ना, तेव्हापासून ती काही सांगतच नाही. परवा संध्याकाळी आभाळ कसलं सुंदर रंगलं होतं. मी विचारलं, बघ गं कोणता रंग? तर माझ्या तोंडाकडे बघत बसली आणि म्हणाली, ‘बाबा, तुम्हाला कोणता हवाय?’”

 बाई जरा ताठरून म्हणाल्या, “पण लाल-हिरव्याचा पिवळा कसा होईल हो? सव्वीस वर्षं शिकवतेय मी.”

“रंग मिसळले तर होत नाही. तुमचं बरोबर आहे. रंग उजेड खातो, दोन रंग मिळून जास्त खातात, म्हणून काळपट दिसतं. पण दिवे मिसळले की उजेडात उजेडाची भर पडते. दुपारी मी दिवे लावून बघतो तेव्हा पोरगी माझ्यासोबत असते. रंगमंचावर उभी राहून स्वतःच्या सावल्या मोजते.” ते उठले, खुर्ची जागेवर सरकवली. “वाद घालायला नाही आलो. दोन बॅटऱ्या, लाल आणि हिरवा जिलेटीनचा कागद, पांढरी चादर. करून बघा एकदा.”

करून बघा म्हणे! बाईंचा सगळा दिवस त्या दोन शब्दांनी नासला. शाळा सुटल्यावर त्या मावशींना घेऊन अडगळीच्या खोलीत शिरल्या. मावशी म्हणजे शाळेतल्या मदतनीस. खिडकीला पुठ्ठा त्यांनीच लावला, आणि भेटवस्तूंवरचे कागद जपून ठेवायच्या त्यांच्या सवयीमुळे दोन्ही रंगही शाळेतच निघाले. कागदाच्या दुहेरी घड्या बॅटऱ्यांच्या तोंडावर ताणून रबरबँड लावले. भिंतीला चादर खिळवली. चादरीवर एक लाल चकती आली, एक हिरवी.

“आता एकावर एक आणा,” बाई म्हणाल्या. आवाजात ‘बघूच या’ असा सूर होता.

मधल्या भागात आधी पोपटी दिसलं. बाईंना बरं वाटलं. तेवढ्यात मावशींना ठसका लागला आणि हिरवी बॅटरी घेऊन त्या दोन पावलं मागे सरकल्या. हिरवा फिका पडला, आणि मधला भाग पिवळा झाला. चक्क पिवळा.

“अगंबाई,” मावशी म्हणाल्या.

बाईंनी लाल उजेडात हात धरला. चादरीवर हाताची हिरवी सावली पडली. दुसरीकडून धरला, तर लाल. लाल उजेड अडला की तिथे उरतो तो हिरवा, हिरवा अडला की उरतो लाल. इतकं सोपं होतं ते. हात जसजसा चादरीजवळ नेला, तसतशा दोन्ही सावल्या एकमेकींवर चढल्या, आणि जिथे कुठलाच उजेड पोहोचत नव्हता, तिथे काळं. पोरीने तीन वाक्यांत सगळं सांगितलं होतं. खूप जवळ गेलं तर काळी. बाई तशाच खाली, रद्दीच्या गठ्ठ्यावर बसल्या. सव्वीस वर्षांत असं किती जणांना आपण गप्प केलं असेल, हा विचार त्यांना सोडेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात अंधार केला. खोलीच्या मधोमध दोरीवर चादर टांगली. मुलं एका बाजूला, बॅटऱ्या स्टुलांवर बांधून दुसऱ्या बाजूला, मावशींच्या ताब्यात. बाईंचा बेत साधा होता : पिवळा दाखवायचा, खारूताईला विचारायचं, तिला शाबासकी द्यायची, फिट्टंफाट. लाल आणि हिरव्या चकत्या एकमेकींवर आल्या तसा वर्ग ओरडला, “पिवळाऽऽ!”

बाई चादरीशेजारी उभ्या होत्या. गोड हसून म्हणाल्या, “खारूताई, तू सांग. कोणता रंग झाला?”

खारूताईने चादरीकडे पाहिलंच नाही. तिने बाईंच्या तोंडाकडे पाहिलं, अगदी निरखून, भुवया, ओठ, सगळं. मग हळूच म्हणाली, “मातकट.”

मुलं खो खो हसली. “अगं पिवळा आहे, वेडे!” कुणीतरी म्हणालं. खारूताई खाली बघायला लागली.  पोरगी चुकली नव्हती. तिने नेमकं तेच दिलं होतं, जे बाईंनी तिच्याकडून मागून घेतलं होतं. आता ‘नाही गं, पिवळा’ म्हटलं, की पुढच्या वेळी ती पिवळा म्हणणार, आणि तेही बाईंसाठीच.

आपलं तोंडच आडवं येतंय, बाईंच्या लक्षात आलं. मग तोंड हटवायचं कसं? समोर चादर होतीच की.

खोक्याच्या पुठ्ठ्याचं कापून सरबताच्या नळीवर चिकटवलेलं एक मांजर बाहुल्यांच्या टोपलीत पडलं होतं. एक कान तुटका. बाई ते घेऊन चादरीमागे गेल्या आणि खाली वाकून बसल्या, उजेडात आपलं डोकं येणार नाही अशा. मांजर वर धरलं. पलीकडे एकच गलका झाला, “दोन मांजरं! दोन!”

“म्याव,” बाई बारीक, रडव्या आवाजात म्हणाल्या. “मी हरवलंय. मला वाटलं मी एकटंच आहे, आणि सगळे म्हणतात दोन. मला काहीच दिसत नाही इथून. खारूताई कोण आहे? मला कुणीतरी म्हणालं, तिला सावल्यांमधलं कळतं.”

 पलीकडे पावलांचा आवाज आला, चादरीच्या अगदी जवळ.

“तुझ्या सावल्या दोन आहेत,” खारूताई म्हणाली. “एक लाल, एक हिरवी.”

“छे! सावली लाल कशी असेल?”

“असते! तू हिरवा उजेड अडवलास ना, म्हणून तिथे लालच राहिला.” आवाज हळूहळू तोच जुना, चुरचुरीत होत होता. “आता पुढे ये. अजून. अजून ये ना! बघ, आता तू लहान झालंस, आणि मध्ये काळं झालंस. कडेला थोडं लाल, थोडं हिरवं.”

“आणि माझ्या भोवती, अंगणात? तिथे कोणता रंग आहे?”

 खारूताईला निरखायला समोर बाईंचं तोंड नव्हतं, चादर होती फक्त.

“पिवळा,” खारूताई म्हणाली. “लिंबासारखा नाही. जरा भाजका.”

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. “पण तुमच्या बाई तर म्हणाल्या होत्या, सावली काळीच असते,” मांजर कसंबसं म्हणालं. “बाईंचं चुकलं होतं तर.”

चादर हलली. खारूताईने तोंड कापडाला लावलं होतं. तिचा श्वास बाईंना जाणवला. ती मांजराच्या तुटक्या कानात कुजबुजली, “हो. पण बाईंना सांगू नकोस हं. त्यांना वाईट वाटेल.”

दोन्ही मांजरं चादरीवर थरथरायला लागली. “हसतंय ते, हसतंय!” मुलं ओरडली.

मावशींनी मागून बाईंच्या खांद्यावर हात ठेवला. बाईंनी डोळे पदराला पुसले, मांजर मावशींच्या हाती दिलं आणि चादरीला वळसा घालून पुढे आल्या. खारूताईसमोर गुडघ्यांवर बसल्या.

“मांजराने मला सांगितलं,” त्या म्हणाल्या.  “तुझं बरोबर होतं. तेव्हाही बरोबर होतं. माझं चुकलं. आणि मला अजिबात वाईट वाटलं नाही.”

खारूताईने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. पुन्हा तसंच निरखून, भुवया, ओठ, ओले डोळे. बाईंना धडकी भरली, आता ही मान डोलावणार आणि ‘बरं’ म्हणणार.

“वाटलंय,” खारूताई म्हणाली. “थोडंसं वाटलंय. मला दिसतंय.”

या वेळी बाईंनी तिला चूक म्हटलं नाही.