सतरा नंबरचा सेल

यतीन सर आमच्या लॅबचा जिना चढत होते तेव्हा मी वरून पाहिलं आणि मनात म्हटलं, ये बाबा, तीन वर्षं तुझीच वाट बघतेय.

हाटकेशला एका औद्योगिक गाळ्याच्या दुसऱ्या मजल्यावर आमची बॅटरी तपासायची लॅब आहे. खाली पत्रे कापतात, शेजारी फरसाण तळतात आणि मधे आम्ही सेल म्हातारा झालाय की नाही ते सांगतो, तेही सेल न फोडता. सरांना मी इथे भेटेन याची कल्पना नव्हती. त्यांच्याबरोबर उत्तनचे मायकेल अंकल होते. ते मासेमारीच्या होड्यांवरच्या दिव्यांसाठी आणि वायरलेससाठी बॅटरी पॅक बांधतात. सरांकडून चार हजार नवे सेल घ्यायचं त्यांनी ठरवलं होतं, पण अट एकच होती: आधी लॅबचा रिपोर्ट. रिपोर्टचे पैसेही अंकलच देणार होते, म्हणजे गिऱ्हाईक तेच.

"अरे संपदा! तू इकडे? वा वा. मग तर घरचंच काम झालं," सर म्हणाले.

घरचं! या माणसाने मला घरी बसवलं होतं.

वसईच्या कंपनीत मी त्यांच्या हाताखाली होते. एका बॅचचे सेल दोनशे वेळा चार्ज-डिस्चार्ज केल्यावरच आतून थकलेले दिसले, म्हणून बॅच थांबवा असा रिपोर्ट मी दिला. भर मीटिंगमध्ये सर हसत म्हणाले, "हिने सेल एसीच्या झोतातून उचलले आणि गार गारच मोजले. गार सेल म्हातारा दिसणारच." गार सेल खरंच म्हातारा दिसतो, त्यामुळे सगळ्यांना ते पटलं. माझ्या तापमानाच्या नोंदी उघडून बघायची तसदी कुणी घेतली नाही. मला एक्केचाळीस जणांना माफीचा मेल लिहायला लावला. 'माझ्या निष्काळजीपणामुळे चुकीची मोजणी झाली' हे पहिलं वाक्य सरांनी स्वतः सांगितलं होतं. बॅच बाजारात गेली आणि मी घरी. नंतर माल परत आल्याचं उडत उडत कानावर आलं, पण तोवर मला कोण विचारणार?

खरं दुखणं वेगळंच होतं. हळूहळू मलाही वाटायला लागलं की आपणच चुकलो असू. तेव्हापासून प्रत्येक सेलचं तापमान मी तीनदा बघते. एकदा बघते, लिहिते, पुन्हा बघते, पेन ठेवते आणि पुन्हा बघते. तीन वर्षांत ही खोड गेली नाही. या माणसाने माझी नोकरी घेतली ते मी एक वेळ सोडलं असतं, पण माझ्या हातांवरचा माझा विश्वास त्याने नेला होता, आणि तो मला परत हवा होता.

सरांनी टेबलावर बॅग ठेवली, पिझ्झा पोचवणारी मुलं वापरतात तसली, आतून चांदीच्या अस्तराची. आत निळ्या आवरणाचे दहा सेल होते. "लॉटमधून मी स्वतः निवडून आणलेत. आत्ताच मोज, समोर. दोन वाजता मला डिलिव्हरी आहे."

मी एक सेल हातात घेतला. तो चक्क कोमट होता. तापमानाची बंदूक धरली तर एक्केचाळीस अंश. मी तीनदा पाहिलं.

"बाहेर ऊन किती आहे," सर म्हणाले. ऊन होतंच, पण उन्हापासून वाचवायच्या बॅगेत सेल तापत नाहीत. तापवून आत ठेवले तर मात्र मस्त गरम राहतात.

"आल्या आल्या एक मोजणी आम्ही करतोच," मी म्हटलं, आणि सेल होल्डरमध्ये बसवला. होल्डरला चार तारा असतात. दोन करंट देतात आणि दोन फक्त व्होल्टेज वाचतात, म्हणजे तारांचा स्वतःचा अडथळा हिशेबात येत नाही.

"मॅडम, यात काय करताव तुमी? मना न्हाय कलत," अंकलनी विचारलं.

"माठ घेताना वाजवून बघता ना अंकल, तसं. सेलला अगदी बारीक करंट हलवून द्यायचा, पुढे-मागे, पुढे-मागे. आधी सेकंदाला हजारो वेळा, मग सावकाश, शेवटी एका हेलकाव्याला मिनिटभर. प्रत्येक वेगाला सेल किती अडवतो आणि किती उशिरा उत्तर देतो ते मांडलं की असा आलेख येतो." पडद्यावर ठिपके उमटत होते. "खूप वेगात फक्त आतल्या द्रवाचा आणि धातूचा अडथळा कळतो. आलेख डावीकडे जिथे सुरू होतो ना, तो. मग ही कमान. इलेक्ट्रोडवर साय धरते आणि तिथली रासायनिक क्रिया अडते, ते इथे दिसतं. म्हातारपणी कमान फुगते. आणि ही तिरकी शेपटी म्हणजे आत मुरायला लागणारा वेळ."

आलेख पूर्ण झाला. सुरुवात एकोणतीस मिलिओहमवर, कमान तेरा.

"बघ! कमान तेरा. नव्या सेलची बारा असते," सर अंकलना म्हणाले. "एकदम नवा माल."

कमान नव्या नवरीसारखी होती, पण सुरुवातीने चोर पकडून दिला. नव्या सेलची सुरुवात चोवीसच्या आसपास हवी. सेल तापवला की कमान झपकन आकसते, निम्म्याहूनही कमी होते. सुरुवात मात्र फारशी हलत नाही. म्हणजे चेहऱ्याला पावडर लावली, पण गुडघे तेच! गार सेलचं खोटं माझ्यावर घालणारा माणूस आता गरम सेलचं खोटं घेऊन आला होता.

मी तपासणीच्या अर्जावर 'आल्या वेळी ४१ अंश' लिहिलं आणि म्हटलं, "खरी मोजणी उद्या बाराला. सगळे सेल निम्म्या चार्जवर आणून, चार तास विश्रांती देऊन, पंचवीस अंशांना. नियम आहे सर. तुम्हीच शिकवलाय."

सरांचा चेहरा उतरला. "आणि आवरण कापू नको हां," ते जाता जाता म्हणाले.

"अर्जावर कलम आहे सर, गरज पडल्यास आवरण काढलं जाईल. माल आणणारा म्हणून खाली तुमची सही आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी लॅबमध्ये आले. सेल निम्म्या चार्जवर तयार होते. मी ते ठरवलेलं तापमान राखणाऱ्या चेंबरमध्ये मांडले आणि आकडा टाकला: पंधरा.

हो, पंधरा. चुकून नाही. पंधरा अंशांना त्या कमानी अशा फुगल्या असत्या की यतीन सरांना या धंद्यात कुणी उभं केलं नसतं. जे मी केलं नव्हतं त्याची शिक्षा भोगली होती, मग आता करूनच टाकावं. मला लाज वाटली नाही. बरं वाटलं, आणि त्याबद्दलही खोटं कशाला बोलू?

मग तापमानाची तार चिकटवायला बसले. ती तार सेलच्या उघड्या धातूवर चिकटावी म्हणून आवरणात नखाएवढी खिडकी कापायची, ही माझी जुनी पद्धत. इतर लोक आवरणावरच चिकटवतात. पहिल्या सेलची खिडकी कापली. खाली धातूवर हलकासा ओरखडा दिसला, म्हणून अजून थोडं आवरण सोललं.

१७.

एकाच्या डोक्यावर छोटी टोपी, साताची शेपटी आत वळलेली. वसईला मी खिडकीशेजारी सुईने नंबर कोरायचे. हे माझं अक्षर होतं.

मी खुर्चीवर बसूनच राहिले. भंगारात गेलेला तोच माल सरांनी उचलून निळी आवरणं चढवली होती. आणि त्यातले चांगले दहा निवडताना त्यांच्या हाती आला तो लॅबमधून फारसा बाहेर न पडलेला, माझाच सेल. माझी जुनी वही ड्रॉवरमध्येच होती. सतरा नंबर: सुरुवात सव्वीस, कमान बावीस, तापमान पंचवीस.

त्या वहीशी तुलना करायची तर आजही पंचवीसच हवं होतं. पंधराला मोजलं असतं तर सर तीन वर्षांपूर्वी जे बोलले ते मी आज खरं करून दाखवलं असतं. तेवढं सुख त्यांना मी देणार नव्हते. मी आकडा बदलून पंचवीस केला आणि तापमान स्थिरावल्यावर चार तास मोजले. बाराची वेळ एकवर गेली. बसू देत वाट बघत.

एक वाजता दोघंही समोर होते. सतराची सुरुवात एकतीस, कमान अडतीस. बाकीचे नऊ त्याहून वाईट. चेंबरची तापमानाची नोंद रिपोर्टला आपोआप जोडली जाते. सर ती वाचत होते आणि एकदम त्यांचे डोळे चमकले.

"मायकेल, हे बघ! आठ वाजून सहा मिनिटं, पंधरा अंश! मी म्हटलं नव्हतं? हिची जुनी सवय आहे. गार करून मोजते!"

अंकलनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, हां खरा हाय?"

माझे कान तापले. ती ओळ पुसता येत नाही आणि मी पुसलीही नसती.

"खरं आहे," मी म्हटलं. "अकरा मिनिटं पंधरा होतं. मीच टाकलं होतं, मुद्दाम. मला या माणसाचा राग आहे आणि त्याला बुडवायचं होतं. मग मला हे दिसलं." मी सतरा नंबर भिंगाखाली ठेवला, रिपोर्टसाठी त्याचा फोटो घेतला, शेजारी वही उघडली. "अंकल, अक्षर बघा. हा सेल मी तीन वर्षांपूर्वी मोजला होता. तेव्हा यांनी सांगितलं, मोजणी चुकली. आता खालची नोंद वाचा. आठ वाजून सतरा मिनिटांनी आकडा पंचवीस केला, तो थेट एक वाजेपर्यंत. मोजताना सेलच्या अंगावर पंचवीस. काल बॅगेतून निघाले तेव्हा एक्केचाळीस होतं, म्हणून कमान लहान दिसली."

अंकलनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. मग वहीतला सतरा पाहिला. मग पुन्हा भिंग.

"काल गरम करून आनलंस," ते सरांना सावकाश म्हणाले. "माजा पोर या दिव्यावर दर्यात जातं. मना फसवतंस?"

"मायकेल, ऐक तरी..."

"न्हाय पायजे तुजा माल."

सर माझ्याकडे वळले. आवाज एकदम मऊ झाला. "संपदा, जाने दे ना. तो फोटो रिपोर्टमध्ये नको टाकूस. बाजारात माझं नाव जाईल. काय पाहिजे तुला?"

तीन वर्षं मी या प्रश्नाची उत्तरं पाठ केली होती, एकाहून एक झोंबरी. त्यातलं एकही आठवेना. "दहा सेल आणलेत, दहा घेऊन जा," मी म्हटलं. "मोजा आणि सही करा."

त्यांनी माझ्यासमोर सेल मोजले. सतरा नंबर बॅगेत टाकताना त्यांनी खिडकीची बाजू खाली फिरवली. मी बघत राहिले आणि मला अतोनात आनंद झाला.

रिपोर्ट अंकलचा, म्हणून मी त्यांना विचारलं, हा जुन्या कंपनीतल्या लोकांना पाठवू का? "पाठव गो," ते म्हणाले. "माजा नाव पन घाल."

एक्केचाळीस पत्ते मला तोंडपाठ होते. रिपोर्ट आणि फोटो जोडले आणि एकच ओळ लिहिली: 'माझी मोजणी बरोबर होती.'

तीन वाजता खारी गावाहून कुणीतरी इन्व्हर्टरचे सेल घेऊन आलं. मी एक उचलला, तापमान बघितलं, एकदाच, आणि लिहून टाकलं.