श्रेयसच्या नावावर जमा

श्वेता राऊळच्या कंपनीत कामगारांच्या मुलांच्या फीपैकी थोडी रक्कम वेलफेअर फंडातून परत मिळायची. त्यासाठी शाळेचं फी स्टेटमेंट जोडावं लागे. जानेवारीत तिने ते मागवलं आणि बघते तर काय, श्रुतिकाचा दुसरा हप्ता भरलेलाच नाही!

"निलेश, नोव्हेंबरचा हप्ता तू भरला होतास ना?" तिने नवऱ्याला विचारलं.

"भरला की."

"पावती?"

"असेल फोनमध्ये. बघतो," असं म्हणून तो गॅलरीत गेला, तो गेलाच.

श्रेयस गेल्यापासून तो असाच झाला होता. त्यांचा थोरला मुलगा, आठवीतला. सप्टेंबरात डेंग्यू झाला आणि आठवड्याच्या आत सगळं आटोपलं. तेव्हापासून निलेश कामावर जायचा, यायचा, ताटात वाढलेलं खायचा. त्याला कशाला टोचायचं, म्हणून श्वेताने त्याच्या खात्याचं पासबुक काढून बघितलं. नोव्हेंबरच्या पानावर शाळेच्या नावाने पैसे गेलेले स्पष्ट दिसत होते. रक्कम श्रुतिकाच्या हप्त्यापेक्षा थोडी जास्त होती, पण उशीर झाल्याने दंड लागला असेल असं तिला वाटलं. म्हणजे घोळ शाळेचाच.

तिला रागच आला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून तिने पत्र लिहिलं. 'विषय: फी स्टेटमेंट दुरुस्त करून मिळण्याबाबत. माझी मुलगी कु. श्रुतिका निलेश राऊळ, इयत्ता पाचवी, हिच्या दुसऱ्या हप्त्याची रक्कम माझ्या पतीच्या खात्यातून शाळेच्या खात्यात जमा झाली आहे. तरीही आपल्या स्टेटमेंटमध्ये ती थकबाकी दाखवली आहे. सोबत पासबुकाची प्रत जोडली आहे. कृपया तपासून दुरुस्त स्टेटमेंट द्यावे.' खाली सही, फोन नंबर. शनिवारी अर्धा दिवस सुट्टी टाकून ती बोरिवलीला शाळेत गेली.

ऑफिसच्या खिडकीत अनुपमा मॅडम होत्या. फीचं काम त्याच बघत. त्यांनी पत्र वाचलं, पासबुकावरचा व्यवहार क्रमांक कॉम्प्युटरमध्ये टाकला. मग त्या नुसत्याच पडद्याकडे बघत राहिल्या.

"काय झालं? आले नाहीत पैसे?"

"आलेत." अनुपमा मॅडम आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुम्ही आत या ना. बसा."

खिडकीबाहेर उभ्या पालकाला हे लोक कधी आत बोलवत नाहीत. श्वेता आत जाऊन बसली. मॅडमनी पडदा तिच्याकडे वळवला.

"पैसे श्रेयसच्या नावावर जमा आहेत. आठवीची फी जास्त असते, म्हणून रक्कमही तेवढी. पावतीही त्याच दिवशी निघाली आहे. ॲपवर भरताना त्याच्या नावावर भरले गेलेत."

श्वेताने पडद्यावर बघितलं. कुमार श्रेयस निलेश राऊळ. पहिला हप्ता जमा, दुसरा जमा. तिसऱ्यापुढे लाल अक्षरात 'थकबाकी'.

"पण तो... तुम्हाला माहीत नाही का? त्याच्या बाई घरी येऊन गेल्या होत्या."

"माहीत आहे हो. हजेरीतून काढलंय नाव. पण रजिस्टरमधून नाव कमी करायला पालकांचा अर्ज लागतो आणि मृत्यूच्या दाखल्याची प्रत. ती तुमच्याकडून आली नाही. आम्हीही..." त्यांनी वाक्य अर्ध्यावर सोडलं. "कोण मागणार? कसं मागणार, सांगा."

"आता काय करायचं?"

"तो अर्ज द्या. आणि ही रक्कम श्रुतिकाच्या नावावर वळती करा असं एक पत्र. पैसे मिस्टरांच्या खात्यातून आलेत, म्हणून त्यावर त्यांची सही पाहिजे. मग जुनी पावती रद्द करून नवीन काढते. जास्तीची रक्कम तिच्या तिसऱ्या हप्त्यात धरू."

श्वेता घरी आली तेव्हा निलेश भिंतीला टेकून बसला होता. श्रुतिका खाली खेळायला गेली होती.

"तू श्रेयसची फी भरलीस," ती म्हणाली.

त्याने हातातला फोन पालथा ठेवला.

"चुकून वरचं नाव दाबलंस, हो ना? सवयीने?"

तिने त्याला पळवाट दिली होती. तिलाही तीच हवी होती. पण निलेशने मान हलवली.

"चुकून नाही गं. शाळेचे मेसेज यायचे. 'आपला पाल्य श्रेयस याची फी बाकी आहे.' रोज नाही, पण यायचे. ॲप उघडलं की दोघांची नावं, दोघांपुढे लाल अक्षरं. माझ्याकडे एकाचेच पैसे होते. हॉस्पिटलचं सगळं देऊन तेवढेच उरले होते. श्रुतिकाचं पुढच्या पगारात भरता आलं असतं. त्याचं बाकी आहे, हे मला बघवेना. त्याने कधी कुणाचं काही बाकी ठेवलं नाही, श्वेता. वाढदिवसाला मित्राचे वीस रुपये घेतले तर दुसऱ्या दिवशी नेऊन द्यायचा."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? पोरगा नाही आणि मी फी भरून आलो? तू वेडा म्हणाली असतीस."

ती वेडा म्हणाली नाही. तिला त्याचा भयंकर राग आला होता आणि त्याच वेळी, तिथे आपण असतो तर कुठलं नाव दाबलं असतं, हेही तिला ठरवता येईना. ती त्याच्या शेजारी जमिनीवर बसली. मग म्हणाली, "अर्ज लिहायचाय. मी सांगते, तू लिही."

"नाही जमणार."

"मग मी लिहिते. तू सही कर."

'माझा मुलगा श्रेयस' एवढं लिहून तिचा पेन थांबला. पुढे 'याचे निधन झाले असल्यामुळे' असं लिहायचं होतं. चार महिन्यांत हे वाक्य तिने कुणाकडेच पूर्ण उच्चारलं नव्हतं, लोक आधीच मान डोलवायचे. तिने ते लिहिलं. मग रक्कम वळती करायचं पत्रही लिहिलं. निलेशने दोन्हींखाली सही केली, तीही इतकी बारीक, की बँकेने परत पाठवली असती.

सोमवारी दोघं मिळून शाळेत गेले. अनुपमा मॅडमनी दाखल्याची प्रत मूळ दाखल्याशी ताडून बघितली, अर्जावर आवकचा शिक्का मारला, मुख्याध्यापिकांची सही आणली. मग प्रिंटरमधून नवी पावती आणि दुरुस्त स्टेटमेंट निघालं. श्रुतिका राऊळ, दुसरा हप्ता जमा. सगळं बरोबर होतं.

"मॅडम," निलेश पहिल्यांदाच बोलला, "ती जुनी पावती मला मिळेल? त्याच्या नावाची."

"मिळेल, पण त्यावर 'रद्द' असं छापून येणार. सिस्टीम तशीच देते."

"बिनशिक्क्याची नाही?"

"नाही हो, साहेब." मॅडमचे डोळे भरून आले होते. "मला देता येत नाही."

"मग राहू दे," निलेश म्हणाला.

ते बाहेर व्हरांड्यात आले, तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली. पोरं भसाभस वर्गांतून बाहेर पडली. त्यांत श्रुतिका होती. मैत्रिणीच्या गळ्यात हात टाकून हसत येत होती. आईबाबा दोघंही समोर उभे दिसले, तशी ती जागच्या जागी थिजली. तिच्या शाळेत दोघं एकत्र याआधी एकदाच आले होते, सप्टेंबरात, तिला मधूनच घरी न्यायला.

"काय झालं?" ती लांबूनच ओरडली. "आई, काय झालं? कोणाला झालं?"

"कोणाला काही नाही गं," श्वेता धावत तिच्याकडे गेली. "फीचं काम होतं."

श्रुतिकाचा विश्वास बसला नाही. तिने आधी आईचं तोंड नीट निरखलं, मग निलेशजवळ जाऊन त्याचा हात धरला. निलेश तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला.

"खरंच काही नाही झालं, बाळा. तुझी फी भरायची राहिली होती माझ्याकडून. आता भरली."

"शपथ?"

"शपथ."

तरी सुट्टी संपेपर्यंत तिने त्याचा हात सोडला नाही. डबाही तिथेच पायरीवर, दोघांच्या मध्ये बसून खाल्ला.