भागावहिनींच्या चिठ्ठीचा कच्चा कागद

मी पाठकोरा कागद बोलतोय. पाठकोरा म्हणजे एका बाजूने सरकारी आणि दुसऱ्या बाजूने रिकामा. माझ्या पुढच्या बाजूला सत्याऐंशी सालचं सायक्लोस्टाइल केलेलं परिपत्रक आहे. कचेरीतले पंखे सुट्टीच्या दिवशी बंद ठेवावेत, असं त्यात फार गंभीरपणे सांगितलंय. मागची बाजू कोरी, म्हणून कौतिकनानांनी मला घरी आणलं. कोरी बाजू टाकून द्यायची, हे त्यांना जमतच नसे.

नाना जळगावात पाटबंधाऱ्याच्या एका कचेरीत आवक-जावक कारकून. आलेलं पत्र एका रजिस्टरमध्ये, गेलेलं दुसऱ्यात. वीस वर्षं हेच. डाळमिलच्या मागे चाळीत दोन खोल्या, आणि त्या खोल्यांत आता ते एकटेच. त्यांच्या बायको कुंदाबाई फाल्गुनात गेल्या. तेरावं झालं, पाहुणे एसटीने आपापल्या गावी परतले. चौदाव्या दिवशी नाना वेळेवर कचेरीत हजर. सगळे म्हणाले, माणूस खंबीर आहे हो! खंबीर कसले. मी त्यांच्या पिशवीत होतो ना, मला ठाऊक आहे. हात चालत होते, जबडा चालत होता. बाकी आत काही हलत नव्हतं. खरं सांगायचं तर माझंही तसंच. कागदाला काय वाटणार?

मग आली अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आपल्या खानदेशात अखाजीला गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात. वर डांगर म्हणजे खरबूज ठेवायचं, शेजारी आंबा न् सांजोरी. नानांनी काहीच केलं नव्हतं. खाटेवर बसून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

तेवढ्यात शेजारच्या भागाबाई आल्या, मागे त्यांचे मालक उखर्डूभाऊ. उखर्डूभाऊ रावेरच्या केळीच्या ट्रकवर ड्रायव्हर. एरवी सणाला घरी सापडायचे नाहीत, त्या दिवशी मुद्दाम थांबले होते. त्यांच्या खांद्यावर नवी कोरी घागर, काखेत डांगर. भागाबाईंच्या हातात मोठा डबा, त्यात खापरावरच्या पुरणपोळ्या. नाना 'या' सुद्धा म्हणाले नाहीत. तरी दोघं बसले. भागाबाईंनी कोपरा सारवल्यासारखा पुसून घेतला, घागर मांडली आणि पाणी ओतता ओतता सहज म्हणाल्या, "कुंदा, गार पानी शे. पी ले वं."

घरात ते नाव महिनाभराने ऐकू आलं. लोक 'त्या', 'त्यांना', 'झालं ते झालं' असंच बोलायचे. नाना उठले, मोरीत गेले, उगाच हात धुऊन परत आले. तोवर दोघं निघून गेले होते.

आता चूक ऐका. दोन दिवसांनी नानांनी तो डबा घासला, पुसला, उन्हात वाळवला आणि नेऊन दिला. रिकामा. भागाबाईंनी झाकण उघडून आत बघितलं, पुन्हा लावलं, आणि "बरं" म्हणून आत गेल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या नानांच्या आधीच नळावरून पाणी भरून जायला लागल्या. दारात भेटल्या तरी पदर सावरून मान खाली. नानांना वाटलं, असेल काही.

आठ दिवसांनी रविवारी सकाळी धरणगावहून नानांची थोरली बहीण आली, मंजुळाअक्का. अक्काला अक्षरओळख नाही, पण घरात पाऊल टाकलं की काय बिघडलंय ते तिला कळतं.

"भागा काबरं येत नही?" पिशवी ठेवता ठेवता तिने विचारलं.

"कोणास ठाऊक. अखाजीला आली होती. पोळ्या आणल्या, घागर भरली. डबा मी परत केला."

"डबामा काय टाकं?"

"काय टाकायचं? स्वच्छ धुऊन दिला."

"रिकामा?" अक्का खालीच बसली. "अरे देवा! शेजारना डबा रिकामा धाडा तू? चिमूटभर साखर नही, चार दाना जवारी नही?"

नाना हळूच म्हणाले, "ते सगळं कुंदा बघायची."

खरं होतं. वीस वर्षांत डबे भिंतीपलीकडे जायचे, यायचे. आत काय पडतं ते नानांनी कधी बघितलं नव्हतं. रिकामा डबा म्हणजे आता आपलं देणं-घेणं संपलं, हे त्या चाळीत लहान पोरालाही कळतं. कुंदाबाईंना नावाने हाक मारणारं एकच घर उरलं होतं, आणि नानांनी ते स्वतःच्या हाताने तोडत आणलं होतं.

"जाय, बोल तिना संगे," अक्का म्हणाली.

"दोनदा दारापर्यंत जाऊन आलो. तोंडातून शब्द फुटत नाही. लिहून देतो."

आणि मग माझी पाळी आली. नानांनी मला पाटावर पसरलं, पेनाचं टोपण काढलं आणि लिहिलं:

'सौ. भागाबाई यांस. विषय : अखाजी सणानिमित्त दिलेल्या भेटीबाबत. वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपण उभयतांनी सदर दिवशी उपस्थित राहून जे सहकार्य केले, त्याबद्दल मनःपूर्वक आभारी आहे.'

शपथेवर सांगतो, पंख्याचं परिपत्रक यापेक्षा मायाळू होतं.

"वाच बरं," अक्का गहू निवडता निवडता म्हणाली. नानांनी वाचलं. तिने सूप खाली ठेवलं. "हाई काय नोटीस शे? तिना नळ तोडतस का?"

नानांनी सगळ्यावर एक आडवी रेघ मारली. खाली पुन्हा लिहायला लागले, आणि या वेळी थांबेचनात. आजारपण, दवाखाना, पोळ्या, डबा, माफी, पुन्हा डबा, पुन्हा माफी. 'आभार' तीन वेळा. 'लवकरच परतफेड करीन' एकदा. मधेच एक ओळ अशी उतरली की लिहिल्यावर त्यांचा हात तिथेच राहिला: 'कुंदा गेल्यापासून मला एकदाही रडू आलेलं नाही. माझ्यात काही कमी आहे का?'

मी गच्च भरलो. कडेच्या समासातसुद्धा अक्षरं वाकडी होऊन शिरली.

अक्काने सगळं नानांकडून दोनदा वाचवून घेतलं. मग सुधारायला बसली. कचेरीत साहेब लाल शाईने करतात ते काम ती कानाने करत होती, आणि साहेबापेक्षा बरं करत होती.

"भागा चौथी शिकेल शे. बोट ठेईसन वाचस. लांबडं लिखशी ते ती अर्धामा ठेई देई. पाच-सहा वळी लिख, मोठा अक्षरमा."

कचेरीचे शब्द याही मजकुरात शिरले होते. पहिल्यांदा 'आपण' गेलं, 'तुम्ही' आलं. मग 'सदर' गेलं, 'उभयतां' गेलं.

"आभार काढ. तिन्ही काढ."

"अगं, आभाराचीच तर चिठ्ठी आहे!"

"शेजारले आभार म्हना का तो परका व्हस. तिनी काय करं ते सांग. तेच आभार."

'परतफेड' तिने ऐकताक्षणी उडवली. "उसनी वाटी शे का ती?" माफी दोनदा होती, ती एकदाच ठेवली, तीही शेवटी, आधीच माफी आली तर पुढचं सगळं रडगाणं होतं म्हणे. आजारपण तर पूर्णच गेलं. भागा रोज उशाशी बसायची, तिलाच ते काय सांगायचं?

"पोळ्या चांगल्या होत्या, हे ठेवू?"

"चांगल्या ते कोणीबी म्हनी. तू कितल्या खाध्या?"

"एक संध्याकाळी. एक दुसऱ्या दिवशी सकाळी."

"मंग तेच लिख. जे खरं तेच लिख."

भागाबाईंनी कुंदाबाईंना हाक मारल्याच्या ओळीवर मात्र नानांनीच काट मारायला पेन टेकवलं. पत्रात असलं शोभत नाही, म्हणाले. अक्काने त्यांचं मनगट धरलं. "हाईच ते चिठ्ठी शे. बाकी कागद शे."

"मग पुढे काय लिहू? ऐकून बरं वाटलं?"

"वाटनं का बरं?"

नानांनी विचार केला. "माहीत नाही. अजून ऐकू येतं, एवढंच."

"मंग तितलंच."

शेवटी उरली ती रडू न येण्याची ओळ. अक्का म्हणाली, "हाई कागदवर नको, भाऊ. कोणी बी वाची. हाई तू तिले तोंडी सांग." नानांनी त्या ओळीवर एकच पातळ रेघ ओढली. वाचता येत होतं सगळं.

मग वहीचं रेघांचं पान घेऊन त्यांनी माझ्यावरून ठळक अक्षरात नक्कल केली:

'भागावहिनी,
अखाजीला तुम्ही दोघं आलात. मी या म्हटलं नाही, तरी बसलात.
पोळ्या खाल्ल्या. एक संध्याकाळी, एक दुसऱ्या दिवशी सकाळी.
पाणी ओतताना तुम्ही कुंदाला हाक मारलीत. ती मला अजून ऐकू येते.
डबा रिकामा दिला, ते माझं चुकलं. हा डबा कुंदाचा आहे. सवडीने आणून द्या.
कौतिक'

शेवटची ओळ अक्काची युक्ती. कुंदाबाईंचा स्टीलचा डबा, झाकणावर मशीनने नाव कोरलेला. त्यात वाटीभर साखर, वर चिठ्ठी, आणि डबा त्याच दिवशी भिंतीपलीकडे गेला. आपला डबा त्यांच्या घरात गेला म्हणजे तो परत यायलाच हवा, आणि भागा काही रिकामा आणणाऱ्यातली नाही.

सोमवार गेला. मंगळवार गेला. मला पाटाखाली सरकवलं होतं, तिथून फक्त उंबरठा दिसायचा. नाना कचेरीतून आले की आधी उंबरठ्याकडेच बघायचे. अक्का बुधवारी सकाळच्या गाडीने धरणगावला गेली. "येई ती," एवढंच म्हणाली.

बुधवारी संध्याकाळी उंबरठ्यात दोन पाय दिसले. भागाबाई. डब्यात ज्वारीच्या बिबड्या, पापडासारख्या, नुकत्या वाळलेल्या.

"या," नाना म्हणाले.

त्या आल्या, बसल्या. डबा मधे ठेवला. चिठ्ठीबद्दल एक अक्षर नाही. "कुंदाले बिबड्या भाजेल आवडेत नहीत, तळेलच लागेत," एवढं बोलल्या.

"हो," नाना म्हणाले. बाहेर डाळमिलचा भोंगा झाला. आणि नानांनी भिंतीकडे बघत, रजिस्टरमधली नोंद वाचावी तशा आवाजात, माझ्यावरची ती खोडलेली ओळ जशीच्या तशी म्हटली.

भागाबाई झाकणावरच्या नावावरून बोट फिरवत होत्या.

"माले तरी रडू कोठे उनं, नाना?" त्या म्हणाल्या. "मी बी वाट देखी ऱ्हायनू."

दोघंही रडले नाहीत. बिबड्या तळल्या, खाल्ल्या. जाताना भागाबाईंनी डबा आत न्यायला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी नळावर थांबल्या.

माझं म्हणाल तर मी आता त्याच डब्याच्या तळाशी असतो, बिबड्यांखाली. खोडाखोडीने भरलोय, एका कोपऱ्याला तेल लागलंय. कधी कुणाच्या हाती लागलो, तर पक्की चिठ्ठी कुठंय म्हणून विचारू नका. ती भागाबाईंच्या देव्हाऱ्यात आहे. माझी खोडलेली ओळ तेवढी वाचा. तिच्यापुढे नानांनी त्याच रात्री जेवणाआधी लाल शाईने शेरा मारलाय, खाली तारीख आणि लहान सही, कचेरीत मारतात तसा:

'तोंडी कळविले.'