आजी-आजोबांनाही बसता येईल

कॅप्शन लिहिण्यात भावनाचा हात कोणी धरावा! अंबरनाथजवळ चिखलोलीच्या नव्या टॉवरमधल्या दोन खोल्यांत बसून ती इंग्लंडातल्या मराठी पोरांना मराठी शिकवायची आणि दर महिन्याला फेसबुकवर पोस्ट टाकायची. फोटोपेक्षा कॅप्शनवर तिचा जीव जास्त. नवरा धम्मदीप मोरिवलीच्या कंपनीतून शिफ्ट करून आला की आधी त्याला ती वाचून दाखवायची. तो बिचारा बुटाची नाडी सोडता सोडता ‘मस्त’ म्हणायचा.

जूनची कॅप्शन तिला स्वतःलाच फार आवडली होती:

‘लेकराला मराठी समजतं, पण ते बोलत नाही? आमच्याकडे पाठवा! दर शनिवारी ऑनलाइन वर्ग. वय ५ ते ७: इंग्लंडमध्ये सकाळी १० (भारतात दुपारी २.३०). वय ८ ते ११: सकाळी ११ (भारतात ३.३०). वय १२ ते १५: दुपारी १२ (भारतात ४.३०). फी महिना ३० पाउंड, भावंडाला २०. पहिला तास मोफत. या महिन्याचा विषय: माझी शाळा, माझं घर, माझा रस्ता. गावाकडच्या आजी-आजोबांनाही बसता येईल! तिन्ही वर्गांची लिंक खाली.’

लिंक अशी उघड्यावर टाकू नये, एवढं तिला कळत होतं. पण आजी-आजोबांपुढे तिने हात टेकले होते. आधी ती एकेकाला आत घ्यायची. बदलापूरचे हिरामण आजोबा बाहेरच ताटकळत राहिले की शिकवणं सोडून त्यांचा फोन घ्यावा लागायचा. शेवटी वैतागून तिने दार सताड उघडं ठेवलं. ज्याला यायचं त्याने यावं. आजोबा दर शनिवारी यायचे, कॅमेरा छताच्या पंख्याकडे लावून नातवाचं मराठी ऐकत बसायचे आणि मध्येच कोणाला तरी चहा टाकायला सांगायचे. पोरं खिदळायची. भावनालाही बरं वाटायचं.

आठ ते अकराच्या वर्गात माया होती. भावनाची शाळेतली मैत्रीण तेजल, तिची मुलगी. दोघी अंबरनाथला एका बाकावर वाढल्या. तेजल लग्न करून इंग्लंडला गेली आणि तिथे नवऱ्याने, विनीतने, तिचे हाल केले. दीड वर्षापूर्वी ती मायाला घेऊन रातोरात निघाली. कोर्टाने विनीतला दोघींच्या जवळ फिरकायला मनाई केली. ती कुठल्या शहरात राहते, हे तिने भावनालाही सांगितलं नव्हतं. वर्गात घालताना म्हणाली होती, ‘फोटो कुठे टाकू नकोस. नाव टाकू नकोस. त्याला तू माहितीयस, भावना. मराठी शिकवायचं तर मी तुझ्याकडेच पाठवणार, हे त्याला न सांगता कळेल.’

भावनाने मायाचा फोटो कधी टाकला नाही, नाव टाकलं नाही. मैत्रिणीचा शब्द आपण पाळला, अशी तिची खात्री होती. माणूस एका दाराला कुलूप लावून निवांत झोपतो, तशातली गत.

जूनच्या पहिल्या शनिवारी वर्गात एक नवा चौकोन उगवला. काळा. खाली नाव, ‘आजी’. कॅमेरा बंद, माईक बंद. भावनाने नमस्कार केला. आता वयस्कर बाईला सगळ्यांपुढे ‘तुम्ही कोणाच्या?’ असं कसं विचारायचं? कोणाची तरी असेलच. पोरांनाही तेच वाटलं. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याची. पुढच्या शनिवारीही आजी वेळेवर हजर. धम्मदीपला भावना कौतुकाने म्हणाली, बघ, एक आजी तासभर हलत नाहीत.

तिसऱ्या शनिवारी धडा होता, शाळेतून घरी कसं जायचं. माया उठून उभी राहिली. आधी तिने शाळेचं नाव सांगितलं. मग म्हणाली, ‘मी गेटमधून बाहेर येते आणि लेफ्ट टर्न घेते.’ भावनाने प्रेमाने थांबवलं. लेफ्ट टर्न नाही, डावीकडे वळते. पुन्हा सांग. मायाने पुन्हा सांगितलं. डावीकडे वळते, चर्चपर्यंत सरळ जाते, बेकरीपाशी उजवीकडे वळते, आमचं दार निळं आहे. एकही इंग्रजी शब्द नाही. भावनाचा ऊर भरून आला. शाब्बास म्हणाली आणि वर्गाला ऐकू जावं म्हणून तिच्याकडून तिसऱ्यांदा वदवून घेतलं. काळा चौकोन नेहमीसारखा जागेवर होता.

त्या आठवड्यात एका आईचा फोन आला, फीबद्दल. बोलता बोलता भावनाने सहज म्हटलं, तुमच्या सासूबाई अगदी न चुकता बसतात हो. बाई म्हणाली, सासूबाई तर चार वर्षांपूर्वीच गेल्या. भावना हसली, मग दुसऱ्या कोणाच्या असतील म्हणाली. पण फोन ठेवल्यावर तिने लगेच पालकांच्या ग्रुपवर विचारलं, आपल्या वर्गात बसणाऱ्या आजी कोणाच्या? एकेकाचं उत्तर येत गेलं. आमच्या नाहीत. आमच्याही नाहीत. तेजलने मेसेज पाहिलाच नव्हता. ती शुक्रवारपर्यंत डबल ड्यूटीवर होती. तरी भावनाने तिला फोन लावला नाही. उगाच घाबरेल बिचारी, असं तिने स्वतःला समजावलं. खरं म्हणजे घाबरली होती ती स्वतःच, आणि ते मान्य करायचा तिला धीर होत नव्हता. शनिवारी आजींनाच सरळ विचारू, असं ठरवून ती मोकळी झाली.

शनिवारी साडेतीनला पोरं आली. आजीही आल्या. भावनाने घसा खाकरला. ‘आजी, राग मानू नका. पण तुम्ही कोणाच्या?’

काळ्या चौकोनाभोवती हिरवी रेघ उमटली. माईक सुरू झाला होता, बहुतेक चुकून. आतून रस्त्याचा आवाज येत होता. गाडी गेली. बुटांची पावलं वाजली. कोणीतरी चालत होतं, आणि ती चाल म्हातारीची नव्हती. मग पावलं थांबली.

घंटी वाजली. दोनदा ऐकू आली. एकदा आजीच्या चौकोनातून, एकदा मायाच्या.

मायाच्या मागे तेजल स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि दाराकडे निघाली. भावना ओरडली की पुटपुटली, हे तिला नंतरही आठवेना. ‘तेजल, दार उघडू नको. विनीत आहे.’

तेजल जागच्या जागी थिजली. काळा चौकोन गेला. मग तिकडचं दार धडाधड वाजायला लागलं. भावनाने इकडे पोरांचे माईक बंद केले, एकेकाला बाहेर काढलं. हिरामण आजोबा विचारत राहिले, काय झालं पोरी, काय झालं? शेवटी मायाचा एकच चौकोन उरला. त्यात कोणी नव्हतं. नुसता आवाज येत होता.

दार टिकलं. शेजाऱ्यांनी फोन केला, पोलीस आले, विनीतला घेऊन गेले. भावनाने पोस्ट काढून टाकली, पण तोवर ती बदलापूर-अंबरनाथच्या किती ग्रुपांवर फिरली होती, देव जाणे. तिने तेजलला कितीतरी मेसेज केले. माफी मागितली. मायाला वेगळं शिकवते म्हणाली, एकटीला, कुलूपबंद वर्गात, फुकट.

महिन्याभराने उत्तर आलं, तेही व्हॉइस मेसेजवर. तेजल थकलेली वाटत होती. तिने शिव्या दिल्या असत्या तर भावनाला परवडलं असतं.

‘घर बदललं आम्ही. तू आता नको शिकवू. माया मराठीतून बोलतच नाही गं. मी विचारलं मराठीत, तर इंग्लिशमध्ये उत्तर देते. म्हणते, मराठीत सांगितलं की पप्पांना कळतं.’