बंडीचा खिसा

बाबांचा जुना फोन तळहाताएवढा. डावा हात लकव्यात गेल्यापासून त्यांना तोच बरा वाटे. उजव्या अंगठ्यानं सगळी स्क्रीन हाताळता येई, आणि दीडशे ग्रॅमहून हलका असल्यानं बंडीच्या खिशात पडून राही. पण त्यावर ते रोज चार-चार तास कीर्तनं बघत. दुपारी बॅटरी संपे आणि फोन बंद. एकदा तसंच झालं तेव्हा मी शिकवणं सोडून शाळेतून धावत आले, तर हे आरामात झोपलेले!

मग मीच दुप्पट बॅटरीचा मोठा फोन आणला. सिम त्यात टाकलं आणि जुना कपाटात.

"पाटी आणली तू," बाबा म्हणाले. "वरचं बटन दाबायला गेलो की हातातून सुटून राहिली. खिशात ठेवतो तर बंडीच लोंबते."

"पण रात्रीपर्यंत चालते ना? मग झालं," मी फटकारलं.

आज मधल्या सुट्टीत फोन लावला. रिंग गेली, उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा. बंद असता तर बॅटरीला शिव्या घातल्या असत्या. हा वाजत होता, आणि कोणी उचलत नव्हतं. मी स्कूटीची चावी उचलली.

मदनमहालच्या शाळेतून गढ्यातल्या घरापर्यंत स्कूटी कशी चालवली ते माझं मला ठाऊक. "भैया, हटो ना!" म्हणून ओरडत होते. प्रत्येक सिग्नलला थांबून फोन लावत होते. बाबा नाहीतच, असं मनात आलं की अंगठा आपोआप पुन्हा त्यांच्या नंबरवर जाई.

दाराशी पुन्हा नंबर लावला. दार उघडलं, तर आत रिंग वाजतच होती. फोन स्वयंपाकघरात ओट्यावर, उघड्या खिडकीशी होता, बॅटरी भरपूर. चहा करताना बंडी ओढली जाते म्हणून काढून ठेवलेला.

बाबा मागच्या अंगणात, मोरीजवळ पडले होते. कोपर सोललेलं, ओठ कोरडे. पण डोळे उघडे होते. मी त्यांच्याजवळ बसले आणि रडले.

शेजारच्या अंजनीकाकू धावत आल्या. दोघींनी मिळून त्यांना उचललं, पाणी पाजलं.

"बाबा, काकूंना हाक काहून नाही मारली?"

"मारून राहिलो होतो ना, बेटा. पण तो फोन इतका मोठ्यानं वाजे, की माझं मलाच ऐकू येत नव्हतं." ते दम खात थांबले. "बंद झाला की हाक मारायचो, तर पुन्हा वाजायचा."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "रिंग मलाही ऐकू येत होती. वाटलं, तुझे बाबा उचलतील."

दवाखान्यात निघण्याआधी मी कपाटातला लहान फोन काढला. मोठ्यातलं सिम त्यात टाकलं आणि तो बाबांच्या बंडीच्या खिशात सरकवला.