द्वारकाबाईंना आलेलं हॅलो

मी एक जुना मोबाईल बोलतोय. माझा पहिला मालक अभिनव. त्यानं नवा फोन घेतला आणि मला आईच्या, द्वारकाबाईंच्या हाती दिलं. पती गेल्यावर त्या वर्ध्याहून मुलाकडे पुण्यात धायरीला आल्या होत्या. तो सकाळी कंपनीत जाई. मग घरात फक्त आम्ही दोघं.

फेसबुकवर बाल्कनीतल्या झाडांचा एक ग्रुप होता. तिथं त्या कधीमधी लिहीत.

एका दुपारी अनोळखी माणसाचा मेसेज आला. "हॅलो." नाव गोपाळकृष्ण.

"आई, सरळ ब्लॉक कर," त्यांनी फोन करून विचारल्यावर अभिनव म्हणाला.

"अरे, नमस्कारच केलाय न त्यानं!"

"मग आधी प्रोफाइल बघ. उत्तर दिल्याशिवाय त्याला कळत नाही तू वाचलंस ते. घाई नको."

त्यांनी पाहिलं. खातं जुनं होतं, तोही त्याच ग्रुपात होता. पण तेवढ्यानं माणूस कळत नाही.

त्यांनी लिहिलं, "काय काम आहे?" स्वतःलाच ते खेकसल्यासारखं वाटलं. पुसलं. मग लिहिलं, "बरं झालं बोललात. दिवसभर घरी एकटीच असते." बोट माझ्या काचेवर थांबलं. तेही पुसलं. शेवटी गेलं ते एवढंच: "नमस्कार. आपली ओळख आठवत नाही. कशासंदर्भात लिहिलंत?"

उत्तर आलं, "कढीपत्त्याबद्दल तुम्ही ग्रुपवर लिहिलं होतं. माझा पिवळा पडतोय."

"पाणी कमी करा. आठवड्यातून एकदा पातळ आंबट ताक घाला."

"आभारी आहे. आपण कुठं राहता? नंबर मिळेल का?"

द्वारकाबाईंनी तो प्रश्न पुन्हा एकदा वाचला. मग लिहिलं, "नंबर मी कुणाला देत नाही, राग मानू नये. झाडाचं काही असलं तर ग्रुपवरच विचारा, इतरांनाही उपयोग होईल."

"बरोबर आहे. माफ करा."

पत्त्याचा प्रश्न त्यांनी तसाच सोडला. त्यानंही पुन्हा विचारला नाही.

मला वाटलं, आता त्या मला बाजूला ठेवतील. पण त्यांनी वर्ध्याच्या शेजारणीचं, आनंदीबाईंचं, नाव शोधलं आणि लिहिलं, "आनंदे, इथं दिवसभर बोलायला कुणी नाही गं."

मी लगेच वाजलो, आनंदीबाईंचा फोन. "अगं, मग सांगायचं नाही का आधी? मला वाटलं, पुण्यात गेली, आता मोठी झाली!"

द्वारकाबाई हसल्या, मग रडल्या. माझी काच पदरानं पुसली.

आता माझी बॅटरी फुगत चाललीय. अभिनव रोज म्हणतो, "हा फोन टाकायला हवा." त्याचं खरंच आहे. पण दुपारी मी ओट्यावर असतो, स्पीकर चालू असतो, बोलता बोलता आनंदीबाईंना डुलकी लागते. पलीकडून बारीक घोरणं ऐकू येतं. द्वारकाबाई फोन ठेवत नाहीत, आवाज न करता मेथी निवडत राहतात.

मी तापतो. नवा फोन जरूर आणा. पण दुपारी नको, आनंदीबाईंची झोप झाल्यावर आणा.