फ्रीझरचे बारा हप्ते

डिंभे धरणातली मासळी विकायला फ्रीझर हवा, म्हणून राजमहंमद मुलीला, जास्मिनला, घेऊन जुन्नरच्या दुकानात आले. रोखीत अठरा हजार. हप्त्यांवर आधी तीन हजार, मग दीड हजाराचे बारा.

“पंधरा हजारांवर तीन हजार जादा. वीसच टक्के पडतात, चाचा,” दुकानदार म्हणाला.

“मुद्दल दर महिन्याला कमी होत जातं. उरलेल्या रकमेवर धरलं तर वर्षाला पस्तीस टक्के होतात,” जास्मिन म्हणाली. “अब्बा, माझी वीस हजारांची एफडी मोडा. तिला सातच मिळतात.”

“लग्नाची ठेव मोडू? चारचौघांत बापाला येडा ठरवायला शिकवलं व्हय तुला?”

त्यांनी सही केली. हप्ते जास्मिनच्या पगारातून जाणार होते, म्हणून जामीनदार तीच. तिनेही सही केली.